अकरा वेळा रद्द

दुपारी दोन ते चार दुकान अर्धं बंद ठेवायची पद्धत बाबांच्या वेळेपासूनची. शटर कमरेपर्यंत ओढलेलं असायचं, खालून रस्त्यावरच्या माणसांचे नुसते पाय दिसायचे. पायांवरून माणूस ओळखायची धाकटीला लहानपणापासून सवय. त्यामुळे त्या दिवशी तपकिरी सँडल शटरसमोर येऊन थांबल्या, पुढे गेल्या, पुन्हा परत आल्या, तेव्हा तिने डोळ्यावरचं भिंग न काढताच हाक मारली, "दादा, वाकून ये. गुडघा सांभाळ."

धाकटी आता अठ्ठावन्न वर्षांची होती, पण घरात ती धाकटीच राहिली होती. बाहेर तिला सगळे घड्याळवाल्या बाई म्हणत. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान तिने चालवलं, आणि घड्याळं कमी झाली तशी मोबाईलदुरुस्तीही शिकून घेतली. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेला. बाजारात तो शिरला की व्यापारी तराजू पुसायला लागत, असा त्याचा दरारा. काट्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा तो लांबून ओळखायचा.

दादा वाकून आत आला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ घड्याळांकडे बघत राहिला. दाढी वाढलेली होती. चार-पाच दिवसांची असावी. त्याने दाढी न करता घराबाहेर पडणं धाकटीला नवीन होतं.

"तुझा खाते क्रमांक हवा होता," तो म्हणाला.

"कशाला?"

"थोडे पैसे येतील त्यात. आले की ठेव तुझ्याकडे. मी मागेन तेव्हा दे."

"कुठून येणार आहेत?"

दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. "रमीचे."

धाकटीला आधी हसूच आलं. रमी म्हटल्यावर तिला दुसरं काही आठवलंच नाही, आठवली ती याच दुकानातली दुपार. बाबा, दादा आणि ती, शटरच्या आड, कामाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून तेरा पत्त्यांचा डाव मांडत. पैशांऐवजी निकामी घड्याळांचे काटे लावायचे. मिनिटकाटा एकाचा, तासकाटा दोनाचा, आणि सेकंदकाटे सुट्टे पैसे म्हणून. दादाला कोणता पत्ता गेला आणि कोणता राहिला हे तोंडपाठ असायचं. तो पत्ता टाकायच्या आधी डाव्या भुवईवर अंगठा फिरवायचा, आणि त्यावरूनच धाकटीला कळायचं की याचा डाव लागत आला आहे. बाबांना ते कधीच कळलं नाही, किंवा कळूनही ते गप्प बसले. चारचे ठोके पडायला लागले की डाव कितीही रंगात असो, बाबा पत्ते गोळा करायचे. कोणाच्या हातात काय होतं ते दाखवायचीही परवानगी नसे. दादा दिवसभर फुरंगटून बसायचा. "तीन पानांत लागला असता माझा," हे तो रात्री जेवतानाही सांगायचा.

"बघू तुझी रमी," धाकटी म्हणाली आणि हात पुढे केला.

दादाने फोन दिला नाही. "फोनमध्ये काय बघायचंय? क्रमांक सांग नुसता."

"दादा, आठवड्याला दोन तरी माणसं असले फोन घेऊन माझ्यासमोर बसतात. आधी बघते, मग सांगते."

हे खरंच होतं. पडदा फुटला, चार्जिंग टिकत नाही असं सांगत माणसं यायची आणि फोन उघडला की आत हे खेळ सापडायचे. धाकटी ते आता झटकन ओळखायची. काही खेळांत नुसती नाणी असतात. ती कितीही साठवा, खेळातच फिरतात, त्यांचं बाहेर काही येत नाही. पण कुठे 'पैसे भरा' आणि 'पैसे काढा' अशी दोन बटणं दिसली, वॉलेट दिसलं, अठरा वर्षांवरच्यांसाठीच अशी ओळ आणि ओळखपत्र मागणारं पान दिसलं, की तो खऱ्या पैशांचा खेळ, मग वर चित्रं किती का गोड असेनात. आणि तिसरी जात म्हणजे निव्वळ लबाडीची. कोपऱ्यावरची बेकरीवाली तसल्याच एकात फसली होती. कोणीतरी पाठवलेल्या लिंकवरून तिने ॲप उतरवून घेतलं, त्यात भराभर जिंकली, आणि काढायला गेली तर आधी कर भरा, मग पैसे सोडतो, असा निरोप आला. तिने भरला. मग तपासणीची फी आली. तीही भरली. तिसऱ्या दिवशी ॲप उघडेना. खरी कंपनी जे कापायचं ते पैसे देतानाच कापून घेते, पैसे सोडवायला वरून पैसे मागत नाही, हे धाकटी तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगत आली होती.

"तुला फी भरायला सांगितलीय का त्यांनी?" तिने विचारलं.

"नाही."

"लिंकवरून घेतलंस?"

"फोनमधल्या ॲपच्या दुकानातूनच घेतलं. मी काय दूधखुळा आहे?" दादाचा आवाज चढला. "पस्तीस वर्षं खोटे काटे पकडले मी. मला शिकवू नकोस."

पण फोन त्याने दिला. धाकटीने आधी कंपनीचं नाव पाहिलं, परवान्याचा क्रमांक पाहिला, तक्रारीसाठी दिलेला पत्ता पाहिला. सगळं जागच्या जागी होतं. वॉलेटमध्ये तीन आकडे होते. भरलेले, जिंकलेले आणि बोनस. दादाने तिन्हींची बेरीज सांगितली तेव्हा ती त्याच्या पाच महिन्यांच्या पेन्शनइतकी झाली.

"बोनस यात धरू नकोस," धाकटी म्हणाली. "तो खेळायलाच वापरता येतो, हातात येत नाही. तुझे खरे ते मधले. दोन महिन्यांच्या पेन्शनएवढे असतील."

"असू देत. तेवढे तरी येऊ देत."

"माझ्या खात्यात येणार नाहीत. ज्याचं ओळखपत्र, त्याच्याच नावाच्या खात्यात पैसे जातात. नाव जुळलं नाही की परत पाठवतात. नाहीतर कोणीही कोणाचेही पैसे उचलेल."

"माझं खातं ते घेत नाहीत ना. तीन महिने खुसपटं काढतायत. आज हे तपासतो, उद्या ते तपासतो. माणसाला दमवायचं आणि पैसे दाबून ठेवायचे."

धाकटीने ओळखपत्राचं पान उघडलं. दादाचं नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा फोटो, बँक खातं. चारही गोष्टींपुढे हिरवी खूण होती आणि तारीख होती तीन महिन्यांपूर्वीची. तिने मागच्या पानावर जाऊन पैसे काढल्याचा इतिहास उघडला.

तळाशी मिळालेली एक लहान रक्कम होती, आणि तिच्या वर अकरा ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, रक्कम आणि पुढे करड्या अक्षरांत एकच शेरा: वापरकर्त्याने रद्द केले.

तिने पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. लहान रकमा लगेच जातात, पण मोठ्या रकमेचा अर्ज दोन दिवस तपासणीत राहतो, आणि तोवर त्याच्याखाली 'रद्द करा' असं बटण असतं, हे तिला माहीत होतं. ते दाबलं की पैसे पुन्हा खेळायच्या वॉलेटमध्ये. पहिला अर्ज दादाने वीस तासांनी रद्द केला होता. पाचवा तीन तासांनी. शेवटचा, गेल्या गुरुवारचा, अकरा मिनिटांनी.

"दादा," ती म्हणाली, "यांनी तुझं काही अडवलेलं नाही."

"म्हणजे?"

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं की नाही कोण जाणे. डोळे पडद्यावर होते, पण हलत नव्हते. शटरबाहेरून कोणाची तरी हातगाडी खडखडत गेली.

"काटा खरा आहे म्हणायचं," दादा अखेरीस म्हणाला.

"काटा खरा आहे. दर डावाला टेबलातून त्यांचा वाटा कापला जातो, तोही नियमात लिहिलेला आहे. ते लबाड नाहीत. त्यांना लबाडीची गरजच नाही."

दादा उठला. फोन तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "तू घड्याळं दुरुस्त कर," एवढंच म्हणाला आणि वाकला, गुडघा धरून शटरखालून बाहेर पडला. धाकटीने त्या तपकिरी सँडल कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिल्या. कोपऱ्यावर त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. तो तिथेच उभा राहून खेळत असणार, हे कळायला तिला बाहेर जाऊन बघायची गरज नव्हती.

रविवारी ती दादाच्या घरी गेली. जाताना मुद्दाम काहीतरी कारण हवं म्हणून वहिनींच्या भिंतीवरच्या घड्याळाला नवा सेल घेऊन गेली.

वहिनी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांचा स्वभाव शांत, पण घरात भांडं कुठे आदळलं तरी कोणत्या शेल्फावरून पडलं ते न बघता सांगणाऱ्यांपैकी त्या. त्यांनी शेंगांची परात धाकटीकडे सरकवली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वन्सं, घड्याळ चालू आहे. तुम्ही कशासाठी आलात ते सांगा."

धाकटी अडखळली. दादाची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय सांगावी की नाही, हे तिचं ठरलं नव्हतं.

"मीच सांगते," वहिनी म्हणाल्या. "वर्तमानपत्र वाचतोय म्हणतात आणि पान उलटल्याचा आवाज येत नाही. न्हाणीघरात फोन घेऊन जातात, तासभर बाहेर येत नाहीत. बागेतल्या मित्रांनी दोनदा फोन केला, दोनदा डोकं दुखतंय म्हणाले. मी नुसतं जेवायला हाक मारली तरी अंगावर येतात. इतक्या वर्षांत असे कधी अंगावर आले नव्हते, वन्सं. आणि मग अचानक एखाद्या दिवशी इतके गोड वागतात की मला जास्तच भीती वाटते." त्यांनी एक शेंग फोडली, त्यातले दाणे ताटात पाडले. "मला वाटलं काहीतरी आजार आहे आणि लपवतायत. मी गुपचूप तपासण्यांचे कागद शोधले."

"सापडले?"

"कागद नाही सापडले. पण चला, दाखवते."

बाहेरच्या खोलीत काचेचं कपाट होतं. त्यात दादाची पितळी वजनं मांडलेली असायची. नोकरीच्या काळात त्याने जमवलेली. जप्तीतली नव्हेत, रीतसर विकत घेतलेली, दोनशे वर्षांपूर्वीपासूनची. डोळ्यात मावेल इतक्या छोट्या वजनापासून दोन हातांनी उचलायच्या वजनापर्यंत. लहानपणी दादाची मुलगी त्यांना 'बाबांचं सैन्य' म्हणायची. कपाटात आता पुस्तकं होती, आणि पुस्तकंही इतकी अंतराअंतराने ठेवलेली की रिकामी जागा भरलेली दिसावी.

"पॉलिशला दिलीत म्हणाले," वहिनी म्हणाल्या. "दोन महिने झाले."

धाकटी कपाटासमोर उभी राहिली. निवृत्तीच्या दिवशी दादाने याच कपाटापुढे उभं राहून पाहुण्यांना एकेका वजनाची कुळकथा सांगितली होती. लोक कंटाळले होते, जांभया लपवत होते, आणि तो मात्र न थांबता सांगत होता. तेव्हा तिला त्याची थोडी लाज वाटली होती. आता ते सगळं पुन्हा सांगणारा दादा हवासा वाटला. तिने वहिनींना रमीचं सांगून टाकलं.

दादा मागच्या बाल्कनीत होता. ती येताच त्याने फोन उपडा ठेवला. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली. खाली कोणीतरी सायकलला हवा भरत होतं.

"तिला कळलंय?" त्याने विचारलं.

"वजनं कुठे गेली तेवढं सोडून सगळं."

 दादा बोलायला लागला तो तिच्याकडे न बघता, खालच्या सायकलीकडे बघत.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे पडून राहावं लागलं होतं. वेळ जाईना. नाण्यांची रमी मिळाली. ते खरोखर छान होतं, तो म्हणाला. तेरा पानं समोर पडायची, आणि ती लावताना दुकानातला टेबल आठवायचा, बाबांचा खोकला आठवायचा. "पलीकडे कोण असायचं माहीत नाही, पण मला वाटायचं बाबाच बसलेत. तुला हसू येईल."

"नाही येत."

"मग एक दिवस खऱ्या टेबलाचं निमंत्रण आलं. पहिल्यांदा भराल तेवढाच बोनस आमच्याकडून. थोडे भरले. त्या आठवड्यात जिंकलो, काढलेही. शंभरातले दोन-चार लोक बुडत असतील, मला पानं लक्षात राहतात, असं वाटलं." तो थांबला. "नंतर हरलो. हरलेले परत आणायचे म्हणून मोठ्या टेबलावर बसलो. तिथे हरलो म्हणून आणखी मोठ्या. आता पानं लक्षातच राहत नाहीत, धाकटे. लावतो कधी, टाकतो कधी, बोट आपलं चालत असतं. एक दिवस नाही उघडलं की हे लोकच बोलावतात, तुमच्यासाठी खास भेट ठेवली आहे म्हणून. मला तसं कोणी फार बोलावत नाही आता कुठे."

धाकटीच्या मनात बरंच काही आलं. बागेतल्या मित्रांनी केलेले दोन फोन आठवले. 

"माझं खातं का मागितलंस?" तिने विचारलं. "तुझं चालत होतं हे तुला माहीत होतं."

दादाने भुवईवर अंगठा फिरवला. "दोन दिवस असतात ना मध्ये. ते दोन दिवस मला काढता येत नाहीत. पैसे तिथे दिसत राहतात, त्याच्याखाली बटण दिसत राहतं. माझ्या खात्यात आले असते तरी मी पुन्हा भरलेच असते. तुझ्याकडे गेले असते तर…" त्याने हात हवेत सोडून दिला. "तुझ्याकडून मागताना मला लाज वाटली असती. म्हणून."

इतके दिवस धाकटी समजत होती की दादा काहीतरी लपवायला तिच्याकडे आला होता. तो मदत मागायला आला होता आणि ती त्याला इतिहास वाचून दाखवत बसली होती.  तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, ऑपरेशनच्या खुणेवर, आणि तसाच राहू दिला.

"ते दोन दिवस नको असतील तर एक उपाय आहे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "पण वहिनींसमोर करायचा."

वहिनी वाटाण्यांची परात घेऊन आल्या, बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. धाकटीने दोघांना समजावून सांगितलं. काढण्याचा अर्ज टाकायचा आणि लगेच खातं कायमचं बंद करायची विनंती करायची. ॲपमध्ये जबाबदार खेळ नावाचं एक पान असतं, बहुतेक लोक ते उघडतही नाहीत. तिथे भरण्यावर मर्यादा घालता येते, काही दिवसांची सुट्टी घेता येते, नाहीतर स्वतःला खेळातून कायमचं वगळता येतं. तिने मदतकक्षाला दादाकडूनच लिहून विचारलं, शिल्लक रकमेचं काय होईल? पंधरा मिनिटांनी उत्तर आलं: आधी टाकलेला अर्ज नेहमीप्रमाणे तपासला जाईल, रक्कम पडताळलेल्या खात्यातच जाईल, मात्र खातं बंद झाल्यावर अर्ज रद्द करता येणार नाही, बोनस जाईल आणि खातं पुन्हा उघडता येणार नाही.

"रद्द करता येणार नाही," वहिनींनी मोठ्याने वाचलं.

दादाने अर्ज टाकला. पण रक्कम मोठी म्हणून ॲपने चेहरा दाखवायला सांगितलं. गोल चौकटीत चेहरा धरा, मान डावीकडे वळवा, डोळे मिटून उघडा. पहिल्या वेळी उजेड कमी म्हणून नाकारलं. दुसऱ्या वेळी चष्म्यावर चमक आली म्हणून नाकारलं. ओळखपत्रावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा होता, गुळगुळीत दाढीचा, खात्याच्या कडक कॉलरचा. दादा फोनमधल्या गोलात स्वतःकडे बघत राहिला, जणू कोणी अनोळखी माणूस आरशात घुसला आहे.

"दाढी करा आधी," वहिनी म्हणाल्या.

"दाढीने काही होत नाही, त्यांचं मशीन—"

"मशीनसाठी नाही म्हणत. आठ दिवस मी बघतेय हा चेहरा. करून या."

दादा उठून आत गेला. नळाचा आवाज आला, वाटीवर वस्तरा आपटल्याचा आवाज आला. नणंद-भावजय बाल्कनीत बसून होत्या. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, हातातले वाटाणे मात्र सोलत होत्या.

तो परतला तेव्हा हनुवटीवर एक छोटासा काप होता. चष्मा काढून, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून त्याने मान वळवली, डोळे मिटले, उघडले. या वेळी चेहरा स्वीकारला गेला. उजेडाने की दाढीने, कोणास ठाऊक. मग त्याने ते दुसरं पान उघडलं. 'कायमचे' या शब्दावर त्याचं बोट थांबलं. धाकटीला वाटलं, आता हा फोन उपडा ठेवणार.  त्याने बटण दाबलं, खात्री आहे का असं विचारलं गेलं, त्याने पुन्हा दाबलं. पडदा पांढरा झाला आणि त्यावर जुगाराची सवय सोडवणाऱ्या एका मदतकेंद्राचा क्रमांक आला.

मग तो वहिनींकडे वळला आणि म्हणाला, "वजनं विकली."

"कळलं मला," वहिनी म्हणाल्या. "एकूण किती गेले, ते सांगा. मला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

त्याने सांगितलं. आकडा मोठा होता. वहिनी आत निघून गेल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांनी चहा केला तो फक्त दोन कपांचा, स्वतःचा आणि धाकटीचा. दादाने ते मुकाट्याने पाहिलं.

मंगळवारी दुपारी पैसे आले, कर कापून. गेलेल्यांच्या मानाने अगदीच थोडे. त्या दोन दिवसांत दादाने सात वेळा धाकटीच्या दुकानात फोन केला. काम काहीच नसायचं. "काय चाललंय?" असं विचारायचा, ती कोणाच्या घड्याळाचं काय बिघडलं ते सांगायची, तो ऐकायचा. मदतकेंद्राला फोन त्याने बुधवारी स्वतःच लावला. तिथल्या बाईंनी त्याला काही शिकवलं नाही, नुसते प्रश्न विचारले, असं तो नंतर म्हणाला. ठरवलं त्याहून जास्त वेळ खेळता का? हरलेलं भरून काढायला परत जाता का? घरच्यांपासून लपवता का? थांबायचा प्रयत्न केल्यावर चिडचिड होते का? "सगळ्याला हो म्हणून म्हणून मला शेवटी कंटाळा आला," दादा म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात जुना तिरकसपणा ऐकू आला.

सगळं तिथेच सुरळीत झालं असं नाही. बंदी होती ती एकाच कंपनीची. दीड महिन्याने दादाने दुसऱ्या एका कंपनीचं ॲप घेतलं, एका सकाळीत थोडे घालवले आणि दुपारी दोन वाजता शटरखालून वाकून आला. या वेळी स्टुलावर बसायच्या आधीच त्याने फोन टेबलावर ठेवला. "सगळ्यांवर कुलूप घालता येतं का?" त्याने विचारलं. धाकटीने फोनमध्ये असले खेळ अडवणारं ॲप बसवलं, त्याचा सांकेतिक शब्द वहिनींकडे दिला, आणि ती नि दादा बँकेत जाऊन जुगाराच्या व्यवहारांवर बंदी घालून आले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला, कोणाचं खातं म्हणून विचारलं, आणि दादा म्हणाला, "माझं." मोठ्याने म्हणाला, रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

वहिनी त्याच्याशी नीट बोलायला लागल्या त्यालाही वेळ लागला. पेन्शन जमा झाल्याचा बँकेचा निरोप आता त्यांच्या फोनवर येतो, आणि दादा त्यावर कुरकुरतो, पण बदलून घेत नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्याच्यासारख्यांची बैठक असते. पहिल्या काही वेळा धाकटी सोबत गेली आणि खाली बाकावर थांबली. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी तो खाली आला तेव्हा अजून ऊन होतं. दोघं पायीच निघाली. जुन्या शाळेवरून रस्ता जात होता. शाळेच्या कुंपणाशी दादा थांबला, गुडघ्याला विसावा द्यायला.

"आज माझी पाळी होती बोलायची," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"म्हटलं, मला अजून आठवण येते." त्याने कुंपणाचा गज धरला. "जिंकण्याची नाही. त्याची तर आता चवही आठवत नाही. पानं वाटून झालेली असतात, आपण उचललेली नसतात, त्या क्षणाची. तेरा पानं उपडी पडलीयत आणि अजून काहीच वाईट झालेलं नाही. तो क्षण मला फार आवडायचा. आपल्या दुकानात आवडायचा आणि फोनमध्येही आवडायचा. एकच होता तो. हे त्या लोकांना सांगितलं."

"ते काय म्हणाले?"

"एक बाई होत्या, नर्स आहेत. त्या म्हणाल्या, मलाही."

शाळेच्या आवारात कोणी नव्हतं. धाकटीलाही ती पानं दिसली, वर्तमानपत्रावर उपडी पडलेली, शटरखालून येणाऱ्या उन्हाच्या पट्टीत. बाबा हात पुसत येत होते.  दादाचा गुडघा सैल होईपर्यंत ती त्याच्या शेजारी उभी राहिली, मग दोघं सावकाश चालायला लागली, आणि दादाने वाटेत भूक लागल्याचं दोनदा सांगितलं.